अर्धा झाकलेला चेहरा: तुमचा अंदाज कधी चुकला?

माडाखालची: तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. 2021 साली मी पाहुण्यांना मास्क लावूनच सामोरी जायचे. एकाने जाताना वहीत लिहिलं, 'जेवण फक्कड, मालकीणबाई तुसड्या.' अहो, मी दारात हसतच उभी होते! उलट संध्याकाळी देखणा वाटलेला एक पाहुणा सकाळी घावणे खायला मास्क काढून बसला, तर सासूबाई आत येऊन कुजबुजल्या, "ह्योच काय गो कालचो?" मास्क, गॉगल, स्कार्फ, तुमचं काय झालं ते लिहा.

दशमी: हसू डोळ्यांत दिसतंच की. मनापासून हसलं तर मास्कने काही बिघडत नाही.

जुना मास्तर: रत्नागिरीत मानसशास्त्र शिकवायचो. दशमी, अर्धं बरोबर. मनापासूनच्या हसण्याने डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, त्या मास्कवरूनही दिसतात. पण दारातलं 'या, बसा'चं हसू बहुतेक ओठांवरच असतं. ते झाकलं की नुसते बघणारे डोळे उरतात.

देखण्या पाहुण्याचं वेगळं. न दिसणारा भाग आपलं मन भरून काढतं, आणि भरताना वाकडे दात धरत नाही. तरी एवढ्याने भागत नाही. 2016 च्या जपानी अभ्यासात मास्कमुळे देखणे चेहरे उलट कमी आकर्षक ठरले होते, कारण तेव्हा मास्क म्हणजे आजारी माणूस. मग 2021 मध्ये ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठात 43 बायकांना पुरुषांचे फोटो दाखवले: उघडा चेहरा, कापडी मास्क, निळा सर्जिकल मास्क आणि तोंडासमोर धरलेलं पुस्तक. निळा मास्क सगळ्यांत वर. नुसत्या झाकण्यानेच रूप खुलत असतं तर पुस्तकही तिथवर पोचलं असतं. पण तो काळ कोरोनाचा, आणि चेहरे फक्त पुरुषांचे. बायकांच्या चेहऱ्यांबद्दल त्यावरून बोलू नये.

लालमाती: हायवेच्या धुळीला कुठला मास्क बरा? कापडी दोन दिवसांत लाल होतो.

स्कूटीवाली: मी उन्हासाठी स्कार्फ बांधते, फक्त डोळे उघडे. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तोंड लपवून कुठे जाते गं ही?" त्याच काकूंनी त्यांच्या सुनेला तसाच स्कार्फ घेऊन दिलाय, रंग काळवंडू नये म्हणून! मास्तर, याला काय म्हणायचं?

जुना मास्तर: याला काकू म्हणायचं.

बांगडो: माजी आवस मालवणच्या बाजारात मासे विकता. गिऱ्हाईकाची नजर सुरमयेवर हा की बांगड्यार, ता बघून ती भाव सांगता. काळो चष्मो लावन कोण इलो की पयलो भाव चढोच. मी म्हटलंय, "अगे, तो उन्हाक लावता."

म्हणता, "मगे सावलेत तरी काढूचो."

माडाखालची: बांगडो, आमचे पाहुणे तुझ्या आवशीकडेच सुरमई घ्यायला जातात. आता निघतानाच सांगते, गॉगल गाडीत ठेवा.