उचल घ्यावी की कर्ज? हप्त्याचा हिशेब आधी

> वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दीड लाख हवेत. हातात पगार साठ हजार, डोंबिवलीत भाड्याचे घर. कंपनी बिनव्याजी उचल देते, पण सहा महिन्यांत कापून घेणार. पर्सनल लोन महाग पडेल का?

महाग पडेल, पण वाटते तितके नाही. १४ टक्के दराने बारा महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १३,४७० रुपये येतो आणि व्याज ११,६०० च्या आसपास जाते. प्रक्रिया शुल्क २ टक्के असल्यास जीएसटीसह ३,५४० रुपये त्यात मिळवावेत. म्हणजे एकूण खर्च साधारण पंधरा हजार, आणि कंपनीची उचल घेतल्यास तो बहुतांशी वाचतो.

मात्र उचलीत दरमहा २५,००० कापले गेल्यावर पस्तीस हजारांत भाडे, पास, किराणा आणि शस्त्रक्रियेनंतरची औषधे भागवावी लागतील, आणि तिथेच क्रेडिट कार्डाची थकबाकी सुरू होऊन वाचलेले व्याज दामदुपटीने जाते. शिवाय मधेच नोकरी सुटली, तर उरलेली रक्कम अंतिम हिशेबातून एकदम वळती होते. बँकेचा हप्ता निदान ठरल्या तारखेलाच येतो.

म्हणून कपातीची मुदत दहा महिने करून देतील का, हे एचआरला लेखी विचारावे. तशी मिळाल्यास उचलच घ्यावी. नाहीतर साठ हजार उचल आणि उरलेले बँकेकडून घ्यावे, मुदतपूर्व फेडीचे शुल्क पाहूनच.