प्रतिसाद: दाढ काढल्यानंतरचा ठणका

>> "खालची अक्कलदाढ काढून चौथा दिवस. दोन दिवस बरं होतं, आता कानापर्यंत ठणकतंय. खड्ड्यात पांढरं दिसतंय, पू असेल का?"

वर एका प्रतिसादात 'दुखणारच, धीर धरा' म्हटलंय, ते पटत नाही. साधं दुखणं पहिल्या एकदोन दिवसांत जास्त असतं आणि मग उतरत जातं. कमी होऊन पुन्हा उसळलं, कानाकडे गेलं, नेहमीच्या गोळीला दाद देईना, की ड्राय सॉकेटची शंका घ्यायची. म्हणजे रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं.

पांढरं दिसलं म्हणजे पूच, असं नाही. जखम भरताना गुठळीवर मऊ, पांढरट-पिवळट थर येतोच. तो खरवडू नका. ड्राय सॉकेटमध्ये खड्डा रिकामा, तळाशी कोरडं हाड आणि तोंडाला घाण वास.

माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. डेंटिस्टने सलाइनने खड्डा धुऊन लवंगतेलाच्या वासाची औषधी पट्टी भरली, संध्याकाळपर्यंत ठणका उतरला. पट्टी मात्र पुन्हा बदलावी लागली. घरी कच्चं लवंगतेल ओतू नका, भाजतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंदच. सूज वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर तो संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.