सिझरच्या टाक्यांतून पाणी येते : सुकत आहे की चिघळत आहे?

प्रश्न (आर्णी तालुका) : बहिणीचे सिझर होऊन आठ दिवस झाले. टाक्यांच्या उजव्या टोकातून पिवळसर पाणी येते, साडीला डाग पडतो. आई म्हणते, बाळंतिणीचे टाके असेच सुकतात; आशाताई म्हणतात, दवाखान्यात दाखवा. कोणाचे ऐकावे?

निवृत्त परिचारिका, दारव्हा : आशाताईंचे. डागापेक्षा दुखणे कोणत्या बाजूला चालले आहे, ते आधी पाहा. सुरुवातीचे तीन-चार दिवस टाके खूप ओढतात, पण त्यानंतर रोज थोडे कमी दुखले पाहिजे. उतरलेले दुखणे सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा चढू लागले, तर वरून टाके स्वच्छ दिसले तरी आत पू धरत असू शकतो. पातळ, बिनवासाचे पाणी चार थेंब येत असेल आणि आजूबाजूची कातडी मऊ असेल, तर ते बहुधा कातडीखाली साचलेले पाणी असते. मात्र गुलाबी पाण्याने एकाएकी कपडा भिजला, तर आतला थर उसवलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा तासभरही थांबू नये. लाली असल्यास तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, संध्याकाळी पुन्हा पाहा आणि तापही मोजा.

आजी, दिग्रस : आम्ही बाजेखाली शेगडी ठेवून आणि हळद-तेल लावून सुना उभ्या केल्या. जखम कोरडी राहिली की झाले.

परिचारिका : आजी, कोरडेपणाचे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे, पण तेलाने जखम ओलीच राहते. शिवाय सिझरनंतर टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते, त्यामुळे शेगडीचा चटका बसला तरी बाळंतिणीला कळत नाही.

एक भाऊ, पुसद : मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या की काम होते. एवढ्यासाठी ओल्या बाळंतिणीला एसटीत कशाला हलवायचे?

एक आई, घाटंजी : माझे टाके खालचे होते. मीही अशाच गोळ्या घेतल्या. ताप उतरला, पण एका बाजूची सूज ठणकतच राहिली. शेवटी डॉक्टरांनी एक टाका सोडून पू काढला, तेव्हा त्या रात्री झोप लागली.

परिचारिका : नुसती लाली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी भागते, साचलेल्या पुवाला मात्र वाट करून द्यावी लागते.

प्रश्नकर्ती : संध्याकाळी लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेली आहे, ताप १०१ आहे आणि पाण्याला वास येतो. उद्या सकाळी न्यावे का?

परिचारिका : आत्ताच न्या. १०८ ला फोन करा आणि बाळालाही सोबत घ्या, पाजणे थांबवू नका.

प्रश्नकर्ती (तीन दिवसांनी) : दोन टाके सोडून पू काढला, ताप दुसऱ्या दिवशी उतरला. जखम उघडीच ठेवली आहे, रोज ड्रेसिंग होते. ती तळातून भरत वर येईल, असे डॉक्टर म्हणाले. आई मात्र अजून म्हणते, सुकत आलेले टाके दवाखान्यानेच उसवले.