मागणीचा ‘संकोच’ की मागणीतील ‘ऱ्हास’?

चौकस: भाचीने बारावीच्या अर्थशास्त्रातील एका प्रश्नाचा फोटो पाठवला आहे. टोमॅटोच्या बाजाराच्या आकृतीत उभ्या अक्षावर किलोची किंमत, आडव्यावर क्रेटची संख्या, मागणीची D ही एक रेषा आणि पुरवठ्याच्या S व S1 अशा दोन रेषा आहेत. जुना समतोल 30 रुपये व 60 क्रेट असा छापलेला आहे. नवा समतोल मी 43 रुपये व 40 क्रेट असा वाचला. मागणीत काय झाले, ते एका शब्दात लिहायचे आहे. भाची ‘ऱ्हास’ म्हणते, मला ‘संकोच’ वाटतो. शिवाय S1 ही S च्या वर आहे, म्हणजे पुरवठा वाढला असेल, तर किंमत कशी चढली?

अर्धविराम: पुरवठ्याची रेषा वर म्हणजेच डावीकडे गेली, की पुरवठा घटतो, येथे ‘वर’ हा शब्दच फसवतो. मात्र क्रेट 60 वरून 40 झाले, म्हणजे मागणी घटली, तेव्हा ‘ऱ्हास’च बरोबर.

जुना मास्तर: पहिले वाक्य मान्य, दुसरे नाही. D जागची हललेली नाही. किंमत चढल्यामुळे ग्राहक त्याच रेषेवरून वर सरकले, आणि त्याला पाठ्यपुस्तकात ‘संकोच’ म्हणतात. किंमत तीच असताना उत्पन्न किंवा आवड बदलून अख्खी रेषा डावीकडे गेली असती, तर ‘ऱ्हास’ झाला असता. S1 चे मात्र तसेच झाले आहे, म्हणून पुरवठ्यात ऱ्हास आणि मागणीत संकोच.

43 हा आकडा मला खटकतो. फोटो तिरका असेल, तर छेदनबिंदूपासून कागदाच्या कडेला समांतर रेघ ओढू नये, आकृतीतल्याच आडव्या रेघांचा आधार घ्यावा. D किमतीच्या अक्षाला कोठे मिळते?

चौकस: बरोबर 60 वर.

जुना मास्तर: मग शून्य क्रेटला 60 रुपये आणि 60 क्रेटला 30 रुपये, म्हणजे सरळ रेषेवर दर 20 क्रेटमागे 10 रुपये उतरतात. 40 क्रेटला 40 रुपयेच येतात. 43 हा बिंदू D वर बसतच नाही.

रानवारा: आकृती उलटी वाटते. आमच्याकडे माल कमी उचलला गेला, तेव्हा भाव पडले होते.

जुना मास्तर: तुमच्याकडे मागणीची रेषा डावीकडे आली असेल. तोच खरा ‘ऱ्हास’. त्यात किंमत आणि नग दोन्ही उतरतात. येथे नग उतरले आणि किंमत चढली, यावरूनच पुरवठा हलल्याचे कळते.

अर्धविराम: फरक पटला. तरी ‘ऱ्हास’ म्हटले की नैतिक अधोगतीच आठवते. साधे ‘घट’ का नको?

जुना मास्तर: ‘घट’ म्हटले, तर तुम्ही मघाशी केलात तोच घोळ पुन्हा होईल, कारण ती दोन्हींना लागू पडते.

चौकस: आणि ‘संकोच’ म्हटले, की भाची लाजण्याबद्दल विचारते.