प्रतिसाद: ‘बि’चं इंग्रजी

“चहाबिहा, जेवणबिवण असलं काही आलं की इंग्रजीत ‘अँड स्टफ’ लावायचं, काम होतं.”

हे यादी सांगताना ठीक आहे, पण एरवी फसतं. आमच्या जळगावकडचं हिवाळ्यातलं बोलणं घ्या. पाहुणे फोनवर म्हणतात, “मावशी, भरीतबिरीत काही करू नका, आम्ही उभ्या उभ्या येऊन जाऊ.” इथे ‘अँड स्टफ’ टाकलं तर भरताचीच हेटाळणी केल्यासारखं वाटतं. खरं तर पाहुण्यांना म्हणायचंय की वांगी भाजायचा, मिरच्या-लसूण ठेचायचा, कळण्याच्या भाकरी थापायचा खटाटोप नको. म्हणून ‘प्लीज डोन्ट बॉदर विथ भरीत ऑर एनीथिंग’ हे जवळचं. त्यावर मावशी विचारतात, “बरं, चहाबिहा तरी घ्याल ना?” हा आग्रह आहे, तिथे ‘सम टी, ॲट लीस्ट?’ पुरतं, ‘बि’ला वेगळा शब्दच लागत नाही.

म्हणजे आधी क्रियापद बघायचं: नकार आहे, विचारणा आहे की ‘पाऊसबिऊस आला तर’सारखी शक्यता आहे? शक्यतेला ‘इफ इट रेन्स ऑर समथिंग’ चालतं. इंग्रजीतला ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ हा प्रकार दिसायला आपल्यासारखाच. तो यिडिशमधून आलाय आणि त्यात जवळजवळ नेहमी तुच्छता असते. ‘प्रेमबिम काही नसतं’ अशा वाक्याला तो शोभेल, मावशींच्या चहाला मुळीच नाही.