‘असलं आम्ही करून पाहिलंय, चाललं नाही’: यावर तुम्ही काय उत्तर दिलंत?

साठा-नोंदीचं सॉफ्टवेअर विकते. मागच्या महिन्यात एका वितरकाचा मेल आला: ‘दोन वर्षांपूर्वी असंच घेतलं होतं, सहा महिन्यांत बंद पडलं.’ मी लगेच आमचं कसं वेगळं आहे याचा तक्ता पाठवला. त्यानंतर एक शब्द नाही. तुमचे अनुभव सांगा.

प्रतिसाद १
तक्त्यामुळेच गप्प झाले असतील. त्यांचं काय बिघडलं हे न विचारताच आपण ‘आमचं बिघडणार नाही’ म्हणतो. अशाच एका गिऱ्हाइकाला मी दोनच ओळी लिहिल्या: ‘रोज नोंद कोण करायचं? ती थांबल्यावर लोक कशाकडे परतले?’ फोनच आला. गोदामातली माणसं आधी वहीत लिहायची, मग संध्याकाळी तेच संगणकात. हिशेबनीस वहीच मागायचा, म्हणून वही बंद झाली नाही. दुहेरी कामामुळे संगणकातल्या नोंदी मागे पडल्या, आकडे जुळेनात, मग स्क्रीनवर कुणी विश्वासच ठेवेना.

म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. तरी तसं बोललो नाही, कारण ते निवडणारा माणूस बैठकीत समोरच बसला होता. एकच गोदाम, चाळीस वस्तू, सहा आठवडे, एवढंच सुचवलं. त्या वस्तूंची वही पहिल्या दिवसापासून बंद आणि हिशेबनिसाला यादी आमच्याकडूनच. दर शनिवारी हातमोजणी. दोनपेक्षा जास्त वस्तूंत फरक सलग दोन शनिवारी निघाला तर थांबायचं, हे आधीच लिहून दिलं. तिसऱ्या शनिवारी पाच वस्तूंत फरक निघाला. परत आलेला माल कुणीच नोंदवत नव्हतं. ते सुधारलं, चौथ्या शनिवारी एकच राहिली.

प्रतिसाद २
एवढं कशाला? पैसे परत करायची हमी द्या, भीती जाते.

प्रतिसाद १
पैशांची भीती जाते, खरं आहे. पण त्यांच्या माणसांचे सहा महिने कोण परत देणार? आणि पुन्हा फसलं तर ‘मी सांगितलं होतं’ हे त्यांनाच ऐकावं लागतं.

प्रतिसाद ३
मी विकत घेणाऱ्या बाजूचा. आमचं प्रशिक्षणाचं पॅकेज फसलं तेव्हा पुढच्या विक्रेत्याने एकामागून एक अकरा प्रश्न विचारले. उलटतपासणीच वाटली, मी फोन ठेवला. आमच्याकडे शिकलेली माणसंच सोडून गेली होती, त्यावर कुणाकडे उपाय आहे का?

प्रतिसाद ४
कधीकधी हे वाक्य म्हणजे सभ्य नकार असतो. केव्हा, कुणी, कुठे अडलं यातलं काहीच सांगता येत नसेल तर मी एकदा विचारून थांबते. खरंच पोळलेला माणूस तपशील सांगतो, बऱ्याचदा रागाने.

धागाकर्ती
तक्ता पाठवून तीन आठवडे झालेत. आता ‘रोज नोंद कोण करायचं?’ एवढंच लिहून पाहते. पण मेल करू की थेट फोन?

प्रतिसाद ४
मेल. आठवून लिहायला वेळ मिळतो.

प्रतिसाद १
मी फोन केला असता. मागच्या अपयशाबद्दल लेखी द्यायला लोक कचरतात.