मदत हवी आहे: बाबांचे बूट दोनदा चुकले, माप नेमकं कसं घ्यायचं?

सायली_पुणे

नमस्कार मंडळी. आईबाबा कराडजवळ गावी असतात, मी पुण्यात. बाबांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून मी ऑनलाइन बूट मागवले. त्यांची चप्पल वर्षानुवर्षं ७ नंबरची आहे. शिवाय आईकडून पाऊल मोजून घेतलं, तर २५.५ सेंमी आलं. कंपनीच्या तक्त्यातही २५.५ म्हणजे यूके ७, म्हणून निर्धास्त होते. आले ते अंगठ्याला टेकले. परत पाठवले. मग दुसऱ्या कंपनीचे थेट ९ घेतले, तर टाच मागून निसटते आणि करंगळी तरीही दाबली जाते! हे मला कळतच नाहीये. एकच बूट मोठा आणि घट्ट दोन्ही कसा?

गावात परतीचं पार्सल न्यायला कुरिअरवाला येत नाही, बाबांना एसटीने कराडला जावं लागतं. ९ नंबर परत करायला चार दिवस उरलेत. तिसऱ्यांदा त्यांना हेलपाटा घालायला लावायचा नाहीये.

मिलिंद_ठाणे

सोपं आहे. ऑनलाइन घेताना नेहमी एक नंबर मोठा घ्यायचा, आणि सैल वाटला तर आत जादा सोल टाकायचा. मी दहा वर्षं हेच करतोय. तुमचं फक्त ७ वरून ९ वर उडी मारणं चुकलं, ८ घ्या.

फर्मावाला

मिलिंदजी, ८ हा आकडा बरोबर निघेलही, पण कारण ते नाही. जादा सोल टाकला की पाऊल वर उचललं जातं आणि करंगळी आणखी दाबली जाते. सायलीताईंच्या बाबांना त्रास तिथेच आहे.

मी पादत्राणांच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी फर्मे बनवणाऱ्यांकडे गेली. बूट ज्या फर्म्यावर चढवून शिवतात, त्याचा तो नंबर असतो, तुमच्या पावलाचा नसतो. यूकेचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. या दोन पट्ट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. त्यात बोटांपुढे किती जागा सोडायची हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. उदाहरण द्यायचं तर पुरुषांच्या बुटांत २६.५ सेंमीच्या पावलाला नायकीच्या तक्त्यात यूके ७.५ आहे आणि आदिदासच्या तक्त्यात यूके ८. दोघांचंही यूएस ८.५ आणि युरोप ४२ आहे, फक्त यूकेचा आकडा वेगळा. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना बुटाच्या जिभेवरच्या लेबलवरचा सेंटिमीटरचा किंवा JP लिहिलेला आकडा बघा. तो पावलाच्या लांबीचा असतो.

आता तुमचं माप. आईंनी ते कशाने घेतलं? बाबा बसले होते की उभे? आणि सकाळी की संध्याकाळी?

सायली_पुणे

फोन करून विचारलं. शिवणाची टेप, बाबा कॉटवर बसलेले, सकाळी चहाच्या आधी. टेप तळव्याला लावून धरली होती.

फर्मावाला

तिथेच गडबड झाली. बसल्यावर पावलावर भार नसतो, ते आखडलेलं राहतं. उभं राहिलं की कमान थोडी खाली येते आणि पाऊल लांबही होतं, रुंदही होतं. दिवसभरात सूजही चढते. टेप तर तळव्याच्या खोलगट भागात हवी तशी वाकते.

आज संध्याकाळी, ज्या मोज्यांत चालणार तेच मोजे घालून, साध्या फरशीवर उभं करा. सतरंजीवर नको. भिंतीच्या खालच्या पट्टीपाशी सिमेंटचा गोलवा असेल तर कागद कोपऱ्यात बसत नाही, म्हणून कपाटाच्या सपाट पायाला किंवा जड खोक्याला कागद टेकवा आणि टाच त्यालाच लावा. भार दोन्ही पायांवर. पुढे एक जाड वही उभी धरून सर्वांत लांब बोटाला अलगद टेकवा आणि वहीच्या कडेला रेघ मारा. पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढत गेलात तर पेन्सिल कलते, आणि नेमके तेच तीन-चार मिलिमीटर चुकतात. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही.

आणि घरात आहेत ते ९ नंबर परत करायच्या आधी त्यांचा आतला सोल बाहेर काढा. बाबांना त्यावर उभं करा, टाच मागच्या कडेला बरोबर लावून, आणि वरून फोटो पाठवा.

रेवती_डोंबिवली

मध्येच विचारते, माझ्या मुलाचे १३ नंबर लहान झाले तर दुकानदाराने १ नंबर दिला आणि तो बसला! हा काय प्रकार आहे? आता ऑनलाइन १४ शोधतेय, मिळत नाहीये.

फर्मावाला

रेवतीताई, १४ शोधू नका. यूकेत मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि त्यापुढे मोठ्यांचे १ पासून सुरू होतात. १३ नंतर १ म्हणजे एकच पायरी वर.

सायली_पुणे

मोजलं! उजवं २६.४, डावं २६.०. जवळपास एक सेंटिमीटरचा फरक निघाला, मला धक्काच बसला.

सोलवर उभं केलं. पुढे पावणेदोन सेंटिमीटर रिकामं आहे. पण करंगळीच्या बाजूने पाऊल सोलच्या बाहेर येतंय, आईने पट्टी धरून सांगितलं, पाच-सहा मिलिमीटर.

फर्मावाला

मग उत्तर तुमच्या फोटोतच आहे. बोटांपुढे दहा-बारा मिलिमीटर जागा पुरते, तुमच्याकडे सतरा आहे, म्हणून टाच निसटते. दोन-तीन मिलिमीटर पाऊल कडेवर आलं तर हरकत नाही, बूट वर फुगतोच, पण पाच-सहा म्हणजे रुंदी कमी आहे. नंबर वाढवला की लांबी भरभर वाढते, रुंदी जेमतेम. म्हणून एकच बूट लांबीला मोठा आणि रुंदीला घट्ट.

तुम्हाला लांबीने २६.५ आणि रुंदीने जास्तीचा बूट हवा. पुरुषांच्या नेहमीच्या रुंदीला यूएस पद्धतीत D म्हणतात, रुंदला 2E, त्याहून रुंदला 4E. न्यू बॅलन्स आणि असिक्स यांच्या काही बुटांवर हे लिहिलेलं असतं. 2E पासून सुरुवात करा. ७ नंबरची चप्पल मात्र पुरावा मानू नका. उघड्या चपलेत बोटं पुढे आली तरी चालतं आणि चामडं सैलावतं, जाळीचा बूट बाजूंनी तेवढा सैलावत नाही.

मिलिंद_ठाणे

रुंदीचं मला माहीत नव्हतं. माझीही करंगळी दुखते. जादा सोल आज काढून बघतो.

कोकणी_माणूस

आणि एक. मधुमेहामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल आणि पायाला संवेदना कमी असेल, तर बूट चावतोय हे माणसाला कळतच नाही. माझ्या आईच्या बाबतीत फोड आल्यावर समजलं. पहिल्या दिवशी घरातच वीस मिनिटं घालून मोजे काढा आणि लाल डाग बघा. बाहेर नेऊ नका, तळ मळला की परत घेत नाहीत.

सायली_पुणे

हो, साखरच आहे. हे फार बरं सांगितलंत, आईला आत्ताच सांगते.

९ नंबर उद्या परत जाताहेत. मूळ खोक्यावर चिकटपट्टी न लावता वर पिशवी घालायला सांगितलंय. एका बुटाच्या पानावर 2E आहे, पण तक्त्यात "लांबी २६.५" एवढंच लिहिलंय. ती पावलाची की आतल्या सोलची, हे कसं ओळखू?

फर्मावाला

विक्रेत्याला प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत मागवू नका. तोवर एक अंदाज: त्याच तक्त्यात यूके ८ च्या पुढे २६.५ असेल तर बहुधा पावलाची. ८ च्या पुढे २७.५ किंवा त्याहून जास्त दिसलं तर ती सोलची असायची शक्यता आहे. डाव्या पायाचे चार मिलिमीटर मात्र बुटाने सुटणार नाहीत, त्या पायाची लेस वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवून आवळून बघा.

सायली_पुणे

८ च्या पुढेच २६.५ आहे. तरी विक्रेत्याला विचारलंय, अजून उत्तर नाही.